मदत हवी आहे: जिनिंगमध्ये रुजू होण्यापूर्वी पगार थकवण्याचा इतिहास कसा तपासावा?

बोंडफूल (धागाकर्ता)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्यात राहतो. बी.कॉम. झालो असून सध्या एका कृषी सेवा केंद्रात ११,००० रुपयांवर काम करतो. वणी परिसरातील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब आणि टॅलीच्या कामासाठी १६,००० रुपयांवर बोलणे झाले आहे आणि कापसाचा हंगाम सुरू होताच रुजू व्हायचे आहे. मात्र गावातील एका गृहस्थांनी 'तिथे पगार तोडून तोडून मिळतो' असे सांगितले; ते स्वतः तिथे कधी कामाला नव्हते. मालकांना विचारले असता 'पगार दर महिन्याला होतो' एवढेच उत्तर मिळाले, तारीख त्यांनी सांगितली नाही.

तिथून सोडून गेलेल्या लोकांना नेमके काय विचारावे, आणि अशा मालकाविरुद्ध तक्रारी झाल्या असतील तर त्या सामान्य माणसाला कुठे पाहता येतात? जिनिंगचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण अजून काहीच सिद्ध झालेले नाही.

निळा_ट्रॅक्टर

गूगलवर त्या जिनिंगला किती तारे आहेत ते पाहा, तेवढ्यात समजून येते. दुसरे म्हणजे कामगार वीसपेक्षा कमी असतील तर पगाराच्या तारखेचा कायदाच लागू होत नाही, त्यामुळे तक्रारी शोधण्यात अर्थ नाही. वीसपेक्षा जास्त असतील तर पीएफच्या संकेतस्थळावर सगळे दिसते.

जुना_दिवाणजी

पीएफच्या संकेतस्थळाची सूचना उत्तम आहे. बाकी दोन गोष्टींशी मी सहमत नाही. विसाची अट पीएफसाठी आहे. पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत पगार देण्याचे बंधन लहान मालकालाही चुकत नाही. आणि जिनिंगला गूगलवर तारे देतात ते कापूस विकणारे शेतकरी आणि ट्रकचालक, त्यामुळे तिथे काटा आणि चुकारे यांचीच चर्चा असते. अर्थात चुकारे थकल्याची ओरड अनेकांनी एकाच महिन्यात केली असेल, तर ती तारीख लिहून ठेवा. पैशाची ओढाताण सुरू झाली की कापूस बंद पडू नये म्हणून मालक आधी चुकारे देतो, मग वीजबिल, मग बँकेचा हप्ता. पगाराचा क्रमांक त्यानंतर लागतो. चुकारेच थकले असतील तर पगाराचे काय झाले असेल ते सांगावे लागत नाही.

सुरुवात खऱ्या नावापासून करा. फाटकावरच्या पाटीवरील नाव आणि नोंदणीचे नाव पुष्कळदा वेगळे असते. तिथे कापूस विकलेल्या किंवा सरकी घेतलेल्या कोणाकडे बिल असल्यास त्यावरील जीएसटी क्रमांक घ्या आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाका, म्हणजे कायदेशीर नाव मिळेल. त्या नावाने पीएफच्या आस्थापना-शोधात गेल्यास कोणत्या महिन्याच्या वेतनाचा भरणा कोणत्या दिवशी झाला आणि किती कर्मचाऱ्यांचा झाला, हे लॉगिन न करता दिसते. भरण्याची मुदत पुढील महिन्याच्या १५ तारखेची असते. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पीएफ उशिरा भरल्यास व्याज आणि दंड लागतो, पगार उशिरा दिल्यास बहुधा कोणी विचारायला येत नाही. म्हणून पीएफ वेळेवर दिसला तरी पगार वेळेवर झाला असे सिद्ध होत नाही, पण पीएफच थकला असेल तर पगार जवळजवळ नक्कीच थकलेला असतो. पावसाळ्यात आकडे गळतात, तो मात्र हंगामाचा परिणाम आहे.

सोडून गेलेल्यांना 'पगार वेळेवर होतो का' असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर त्या माणसाच्या रागावर किंवा भिडेवर अवलंबून असते. 'जानेवारीचा पगार कोणत्या तारखेला आणि किती हप्त्यांत जमा झाला' असे विचारा आणि शक्य असल्यास पासबुक त्यांनाच वाचून दाखवायला सांगा. ज्यांचे पैसे अजून अडकले आहेत ते सहसा गप्प राहतात किंवा मालकाची स्तुतीही करतात, कारण वाईट बोलल्याचे कानावर गेले तर हिशेब बुडेल अशी त्यांना धास्ती असते. म्हणून वर्ष-दोन वर्षांपूर्वी हिशेब पूर्ण करून गेलेला माणूस अधिक मोकळेपणाने बोलतो. अशी माणसे फाटकासमोरच्या किराणा दुकानात विचारल्यास सापडतात. उधारीच्या वहीमुळे पगार केव्हा झाला हे त्या दुकानदारालाही ठाऊक असते.

आर्वीची_ताई

माझा एका दाळमिलने दोन महिन्यांचा पगार दिलेला नाही, रोज 'उद्या या' असे सांगतात. पीएफच्या संकेतस्थळावर तक्रार केली तर माझा पगार मिळेल का?

जुना_दिवाणजी

ताई, तिथे फक्त पीएफची तक्रार होते. थकलेल्या पगारासाठी सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. सविस्तर वेगळ्या धाग्यात बोलू. मूळ प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, तुमच्यासारखा अर्ज त्या कार्यालयातच राहतो आणि बाहेरच्या माणसाला तो शोधता येत नाही. लोकांना दिसते ते प्रकरण न्यायालयात गेल्यावर. म्हणून बोंडफूल, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधा, आणि कामगारांच्या दाव्यांबरोबर धनादेश न वटल्याचे खटलेही पाहा.

बोंडफूल

सर्वांचे आभार. मामांकडे कापसाचे बिल होते. त्यावरून एका भागीदारी संस्थेचे वेगळेच नाव निघाले. पीएफच्या तक्त्यात गेल्या हंगामातील नोव्हेंबरचा भरणा १२ डिसेंबरला आणि डिसेंबरचा १४ जानेवारीला झालेला आहे, पण जानेवारी आणि फेब्रुवारी या दोन्ही महिन्यांचा भरणा एकदमच २६ मार्चला आहे. कर्मचारी ३४ होते, ते फेब्रुवारीच्या भरण्यात २२ झाले. त्या काळात काट्यावर काम केलेल्या एका भाऊंनी पासबुक वाचून दाखवले: जानेवारीच्या १४,००० पैकी ८,००० फेब्रुवारीच्या १८ तारखेला आणि उरलेले ६,००० एप्रिलमध्ये जमा झाले. मात्र तिथल्या जुन्या फिटरने आपला पगार एकदाही चुकला नाही असे ठामपणे सांगितले, त्यामुळे मी गोंधळलो आहे. ई-कोर्ट्सवर पाटीवरच्या नावाने काही नव्हते. नोंदणीच्या नावाने धनादेशाचा एक निकाली खटला दिसतो, तो त्याच वर्षी जूनमध्ये दाखल झालेला आहे.

निळा_ट्रॅक्टर

कापूस महामंडळाकडून पैसे यायला उशीर झाला की सगळ्याच जिनिंगचे असे होते. एका हंगामावरून मालकाला वाईट ठरवू नये.

जुना_दिवाणजी

दोघेही खरे बोलत असावेत. ऐन हंगामात फिटर निघून गेला तर यंत्र थांबते, म्हणून त्याचा पगार रोखला जात नाही. काटा आणि ऑफिस यांना मात्र थांबवले जाते. तुमची जागा ऑफिसची आहे, त्यामुळे तुमच्यासाठी काटेवाल्याची साक्ष अधिक वजनाची. खटल्याचेही गणित जुळते. धनादेश परत आल्यावर ३० दिवसांत नोटीस, त्यानंतर १५ दिवसांची मुदत आणि पुढे महिनाभरात तक्रार, असा क्रम असल्याने जूनमधील खटल्याचा धनादेश साधारण मार्च ते मे या काळात परत आलेला असणार. म्हणजे पीएफ, पासबुक आणि खटला या तिन्ही गोष्टी त्याच हंगामाच्या शेवटाकडे बोट दाखवतात. खटला निकाली आहे, बहुधा पैसे देऊन मिटला असेल. तो एकटा असता तर मी त्याला महत्त्व दिले नसते.

तरीही निळा_ट्रॅक्टर यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ही खोड आहे की एका वर्षाची अडचण, ते आधीच्या दोन हंगामांतील जानेवारी ते मार्चचे भरणे पाहिल्याशिवाय मीही सांगू शकणार नाही. तक्ता मागे नेऊन पाहिलात का?

बोंडफूल

त्याआधीच्या हंगामातील भरणे १५ तारखेच्या आत दिसतात. त्यामागच्या वर्षात फेब्रुवारीचा भरणा १७ एप्रिलला आहे. त्या वर्षी ऑफिसमध्ये असलेले एक जण आता हिंगणघाटला असतात असे किराणा दुकानदाराने सांगितले आहे. त्यांच्याशी बोलणे होईपर्यंत सध्याची नोकरी सोडत नाही, आणि पगाराची तारीख नेमणुकीच्या पत्रात लिहून मिळेल का हेही मालकांना विचारले आहे.