मदत हवी आहे: एमजीएफच्या विभाजनात ऋण सहगुणक आला, तरी घनता फलन बरोबर कसं?

X आणि Y स्वतंत्र, दोन्ही एक्स्पोनेन्शियल, दर ताशी 2 आणि 3 (सरासरी 30 आणि 20 मिनिटं). S = X + Y चं वितरण हवं आहे. दर समान असते तर थेट गॅमा मिळालं असतं. इथे तसं होत नाही. एमजीएफचा गुणाकार करून आंशिक अपूर्णांक पाडले:

```
M(t) = 6/((2-t)(3-t)) = 3·[2/(2-t)] - 2·[3/(3-t)],  t < 2
```

कंसातले दोन्ही ओळखीचे एमजीएफ आहेत, म्हणून s > 0 साठी f(s) = 6e^(-2s) - 6e^(-3s) लिहिलं. कन्व्होल्यूशननेही हेच येतं, म्हणजे उत्तर बरोबर आहे. अडलंय ते कारणापाशी. सहगुणक 3 आणि -2. बेरीज 1 असली तरी -2 ही संभाव्यता नव्हे, त्यामुळे याला मिश्र वितरण म्हणता येत नाही. एकमेवतेचं प्रमेय तर खऱ्या वितरणांपुरतंच आहे.

पुढे दर 2, 3, 5 अशी तीन चलं आहेत, म्हणून कन्व्होल्यूशन टाळायचंय. कॅरॅक्टरिस्टिक फंक्शन अजून शिकलेलो नाही. f कुठेही ऋण नाही, तिचं संकलन 1 आहे आणि तिचा एमजीएफ M(t) आहे, एवढं दाखवून मग प्रमेय लावलं तर सिद्धता पूर्ण होते का?