इअरबडच्या रिव्ह्यूत आवाजाला निम्मे गुण द्यावेत का?

चिंतन_क
साडेतीन हजारांच्या आतले, रबरी टिपवाले, एएनसी असलेले इअरबड रोज वापरल्यावर रिव्ह्यू लिहायचा तर गुण कसे वाटावेत? माझं मत: निम्मे गुण आवाजाला, उरलेले कॉल, कानात बसणं आणि बॅटरी यांच्यात. आवाजासाठीच तर पैसे मोजतो. पटत नसेल तर कारण सांगा.

कानाडी
पटत नाही, कारण बसणं आणि आवाज हे वेगळे काढताच येत नाहीत. टिप आणि कान यांच्यामध्ये फट राहिली की सगळ्यात आधी बास जातो. गायकाचा आवाज, झांजा, टाळ्या तशाच ऐकू येतात, पण तबल्याचा डग्गा आणि बेस गिटार पोकळ होतात. मग लोक लिहितात, "बास कमी आहे", आणि त्याच बडचा बास दुसऱ्याला जास्त वाटतो. दोघंही खरं सांगत असतात, फक्त कान वेगळे असतात.

तपासायला सोपं आहे. बास असलेलं गाणं लावा, आवाज मध्यम ठेवा आणि बोटाने बड हलकेच आत दाबा. बास एकदम वाढला तर टिप लहान आहे किंवा नीट बसलेली नाही. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळा आकार लागणं अगदी नेहमीचं आहे, तरी बहुतेक जण डबीतून निघालेली मधली जोडीच लावून मोकळे होतात. एएनसीचंही तेच. फट असली की बाहेरचा घुमणारा आवाज थेट आत शिरतो आणि दोष एएनसीला लागतो.

म्हणून तीनही मापं लावून पाहिल्याशिवाय आवाजाला गुण देऊ नयेत.

सूरपेटी
हे जरा ताणलंय. टिप शंभर-दीडशे रुपयांत बदलता येते, ड्रायव्हर आणि त्याचं ट्यूनिंग बदलता येत नाही. टिप नीट बसल्यावरही पाच-सहा किलोहर्ट्झच्या आसपास टोचणारे बड असतात. त्यांवर "स" आणि "श" कानाला लागतात, तासाभरात कान थकतो. इक्वलायझरने थोडं कमी होतं, पण ॲपमध्ये पाचच पट्ट्या असतील तर नेमकी जागा सापडत नाही. मी आवाजालाच निम्मे गुण देईन. आणि एलडीएसी असेल तर आणखी, कारण त्यात ९९० केबीपीएसपर्यंत डेटा जातो, म्हणजे गाणीही छान आणि कॉलही स्वच्छ.

कानाडी
ट्यूनिंगचं म्हणणं मान्य. कॉलचं मात्र नाही. एलडीएसी फक्त एका दिशेने जाणाऱ्या संगीतासाठी आहे. कॉल लागला की फोन आणि बड दुसऱ्या मार्गावर जातात, कारण आता आवाज दोन्हीकडे न्यायचा असतो. त्या मार्गावर जुन्या पद्धतीत सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात आणि सुधारित पद्धतीत १६०००. त्यामुळे ऐकू येणारा आवाज पहिल्यात चार किलोहर्ट्झच्या आत आणि दुसऱ्यात आठच्या आतच राहतो. गाण्याचा कोडेक कितीही भारी असला तरी तिथे उपयोग नाही. ब्लूटूथ एलई ऑडिओने हे बदलतं, पण फोन आणि बड दोघांनीही तो पाळावा लागतो.

९९० वर गर्दीत, फलाटावर वगैरे, आवाज तुटू लागतो. तिथे ६६० किंवा ३३० वरच ठेवावं.

दुपारची_लोकल
लोकलमध्ये एएनसी लावलं की मला समोरच्याचं सगळं स्पष्ट ऐकू येतं, पण समोरचा म्हणतो, "काय गोंगाट आहे!" म्हणजे माझा पीस खराब आला का?

मायक्रोफोन_ताई
पीस खराब असेलच असं नाही. एएनसी तुमच्या कानासाठी आहे, समोरच्याच्या कानासाठी नाही. तुमचा आवाज वेगळा काढण्याचं काम कॉलचे मायक आणि आतला प्रोसेसर करतात. डब्याची संथ घरघर ते बऱ्यापैकी कापतात, पण भेळवाल्याची हाक किंवा शेजारच्यांच्या गप्पा आवाजासारख्याच असल्याने निसटतात. जोरात कापायला सेट केलेले बड मग तुमचेच शब्द खातात, विशेषतः वाक्याची सुरुवात. वाऱ्याचं वेगळंच. तो मायकच्या भोकावर थेट आदळतो आणि फडफड होते.

कॉलची परीक्षा करायची तर साध्या रेकॉर्डर ॲपवर विसंबू नका. अनेक ॲप बड जोडलेले असूनही फोनचाच मायक घेतात. दुसऱ्या फोनवर कॉल लावा, तिकडे माणूस बसवा आणि एकच परिच्छेद तीन ठिकाणी वाचा: शांत खोलीत, पंखा पूर्ण वेगात असताना खाली आणि रस्त्याच्या कडेला. वाचताना मुद्दाम दोनदा थांबा. थांबल्यावर मागचा आवाज एकदम वर उसळत असेल, तर समोरच्याला तोच सगळ्यात जास्त त्रास देतो.

दांडीवाले बड तोंडाच्या किंचित जवळ येतात, म्हणून मला कॉलसाठी ते बरे वाटतात.

सूरपेटी
दांडी असली म्हणजे कॉल चांगला, असं सरसकट म्हणता येणार नाही. बिनदांडीचे काही बड रस्त्यावर जास्त बरे वाजतात. इथे प्रोसेसरचा भाग मोठा आहे.

वर्कफ्रॉमहोम
माझ्या लॅपटॉपवर गाणं चालू असताना मीटिंग सुरू झाली की आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो. बड बदलू का?

मायक्रोफोन_ताई
नका बदलू. वर कानाडींनी सांगितलेला तोच मार्गबदल आहे. मीटिंगच्या सेटिंगमध्ये मायक म्हणून लॅपटॉपचा निवडा आणि स्पीकर म्हणून बड ठेवा. विंडोज १० मध्ये आउटपुटच्या यादीत बडची दोन नावं दिसतात. ज्याच्या पुढे Hands-Free AG Audio आहे ते घेऊ नका, Stereo असलेलं घ्या. खोली गोंगाटाची असेल तर मात्र बडचाच मायक लागेल आणि गाण्याचा दर्जा सोडावा लागेल.

चिंतन_क
आणि बॅटरी? डबीवर "४० तास" लिहिलंय.

कानाडी
तो डबीसकट आकडा आहे, आणि बहुतेकदा एएनसी बंद ठेवून, आवाज निम्म्यावर ठेवून मोजलेला. समजा बड एका चार्जवर आठ तास चालतात, तर डबी त्यांना आणखी चार वेळा भरते. एएनसी लावल्यावर आठचे सहा होतात, सलग कॉलवर चार-साडेचार. बडमधला सेल जेमतेम ५० एमएएचच्या आसपास असतो. सेल झिजून ८० टक्क्यांवर आला की कॉलचे चार तास तीन तास बारा मिनिटं होतात. रिव्ह्यूत हाच आकडा हवा, ४० नव्हे.

एक बड आधी संपत असेल तर सेलला दोष देण्याआधी डबीतल्या पिना पाहा. घाम सुकून थर बसला की बड डबीत असूनही चार्ज होत नाही. कोरड्या कापसाच्या काडीने पुसा, पुन्हा पूर्ण भरा, मग मोजा. पिना स्वच्छ असूनही तोच बड आधी संपला, तर खरंच सेल गेला आहे किंवा कॉलला नेहमी त्याच बडचा मायक वापरला जातोय. दुसऱ्या बडवर कॉल घेऊन पाहिलं की कळतं.

सूरपेटी
मग डबीत कायम ठेवू नये का? सतत १०० टक्क्यांवर राहिल्याने सेल झिजतो म्हणतात.

कानाडी
झिजतो, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवल्याने त्याहून लवकर. पण डबीबाहेर ठेवले तर बड हरवतात आणि जाळीत धूळ जाते. काही ॲपमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती असेल तर लावा.

मायक्रोफोन_ताई
जाळीचा विषय निघालाच आहे. काही महिन्यांनी एका कानात आवाज मंद झाला की टिपा आपसात बदला. मंदपणा टिपेबरोबर गेला तर टिपेत मळ आहे. ती काढून कोमट पाण्यात साबणाने धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. मंदपणा त्याच बडमध्ये राहिला तर जाळी तुंबली आहे. बड उलटा धरून, जाळी खाली ठेवून, मऊ कोरड्या ब्रशने झाडा. सुई घालू नका, जाळी आत सरकते. आणि आयपीएक्स४ वाचून नळाखाली धरू नका, ते फक्त शिंतोड्यांपुरतं असतं. डबीला तर बरेचदा तेवढंही नसतं.

चिंतन_क
मग मी बसणं आणि आवाज मिळून निम्मे गुण ठेवतो. पण हेल्मेट घालताना बड कानातून सरकतो, तो दोष बसण्यात धरायचा की हेल्मेटमध्ये?

सूरपेटी
दांडीचा असेल तर हेल्मेटची गादी दांडीला ढकलते, तो बडचाच दोष धरा. आणि गाडी चालवताना दोन्ही कानांत बड नकोच.