सत्यम घोटाळ्याच्या बातम्या आणि पाच चाळण्या

धागाकर्ता, अंबाजोगाई

हर्मन आणि चॉम्स्की या अमेरिकी अभ्यासकांनी १९८८ मध्ये मांडलेले प्रतिमान आम्हाला वृत्तपत्रविद्येच्या वर्गात शिकवले. मालकी, जाहिरात, बातमीचे स्रोत, दबाव आणि विचारसरणी अशा पाच चाळण्यांतून बातमी गाळली जाते, असे ते सांगते. मला ते हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या घोटाळ्याला लावायचे आहे. पण ७ जानेवारी २००९ ला हिशेब खोटे असल्याचे सांगणारे कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंचे कबुलीपत्र आले आणि सगळ्याच वृत्तपत्रांची पहिली पाने त्या बातमीने भरली. मग चाळणी राहिली कुठे?

बीडकर

यात शोधण्यासारखे काय आहे? वृत्तपत्राचा मालक हाच उद्योगपती असतो, नाहीतर उद्योगपतीचा व्याही तरी असतो. पहिली चाळणी धरा आणि बाकीच्या चार सोडून द्या. जाहिरातीचे पैसे मिळत होते तोवर सगळे गप्प बसले, आणि राजू बुडाल्यावर त्यांना कंठ फुटला.

निवृत्त उपसंपादक, लातूर

बीडकर, मालकी महत्त्वाची आहे हे मान्य, पण या प्रकरणात तुमचा नेम चुकतो. सत्यमचे ग्राहक बहुतांशी परदेशी कंपन्या होत्या. साबण किंवा मोटारसायकल विकणाऱ्या कंपनीसारखी तिला आपल्या वृत्तपत्रांत रोज जाहिरात देण्याची गरज नव्हती, त्यामुळे जाहिरातीची चाळणी येथे थेट फारशी लागू होत नाही. खरी घट्ट विणीची चाळणी होती ती तिसरी, म्हणजे स्रोतांची.

दर तिमाहीला निकालाची प्रेसनोट यायची, तीवर दलाली पेढीच्या विश्लेषकाचे मत यायचे आणि संध्याकाळी पान लावायचे असायचे. आकडा कंपनीचा, त्यावरचे भाष्य तोच आकडा वापरणाऱ्या विश्लेषकाचे आणि आकड्याखाली लेखापरीक्षकाची सही, म्हणजे तीन तोंडांतून एकच आवाज. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीचेच पाहा. कंपनीने २,७०० कोटींचा महसूल आणि ६४९ कोटींचा परिचालन नफा दाखवला होता, म्हणजे सुमारे २४ टक्के. राजूंच्याच पत्रानुसार खरा महसूल २,११२ कोटी आणि नफा ६१ कोटी, म्हणजे ३ टक्के होता. चोवीस टक्के नफा या धंद्यात कोणाला खटकला नाही, कारण मोठ्या स्पर्धक कंपन्यांचे आकडेही त्याच पट्ट्यात होते. खोटे आकडे नेहमीच्या साच्यात बसणारे असले, की नेहमीचे स्रोत त्यांच्यावर बोट ठेवत नाहीत.

सनदी लेखापाल, नांदेड

मी या व्यवसायात असल्यामुळे दुसरी बाजू मांडतो. राजूंच्या पत्रानुसार ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. मुदत ठेवींच्या पावत्या बनावट होत्या. ज्यांचे कामच बँकेकडून थेट खातरजमा करून घेण्याचे आहे, त्या लेखापरीक्षकांना हे सापडले नाही, तर हैदराबादच्या वार्ताहराला कसे सापडणार? त्या लेखापरीक्षण संस्थेवर सेबीने २०१८ मध्ये घातलेली दोन वर्षांची बंदीसुद्धा अपिलीय लवादाने २०१९ मध्ये रद्द केली. गाफीलपणा वेगळा आणि संगनमत वेगळे.

माझा मूळ आक्षेप प्रतिमानावरच आहे. वृत्तपत्रे गप्प राहिली तर म्हणायचे चाळणीने अडवले, आणि बोलली तर म्हणायचे बड्यांमध्ये फूट पडली. दोन्ही उत्तरे सिद्धान्ताच्याच बाजूने पडत असतील, तर तो चूक केव्हा ठरणार?

निवृत्त उपसंपादक, लातूर

साहेब, आक्षेप रास्त आहे आणि तो पूर्णपणे फेडता येईल असे मला वाटत नाही. तरीही बनावट पावत्या न दिसणे आणि उघड्यावर पडलेली माहिती न उचलणे, यांत फरक करावा लागेल. जागतिक बँकेने सत्यमला कंत्राटे देणे बंद केल्याची बातमी एका अमेरिकी वृत्तवाहिनीने ऑक्टोबर २००८ मध्ये दिली होती. त्याच्या आदल्याच महिन्यात कंपनीला उत्तम कारभाराचा सुवर्ण मयूर पुरस्कार मिळालेला होता. आपल्याकडे पुरस्कार ही बातमी ठरली आणि बंदी ही अफवा. बँकेच्या कर्मचाऱ्यांना गैरलाभ दिल्याच्या कारणावरून आठ वर्षांची बंदी असल्याचे बँकेने डिसेंबरमध्ये स्पष्ट केले, तेव्हा कंपनीने उलट बँकेकडेच माफीची मागणी केली. दबावाची चाळणी म्हणतात ती हीच. तो दबाव बँकेवर होता, पण ज्याला उद्या याच विषयावर लिहायचे आहे, त्यालाही तो ऐकू जातो.

मग १६ डिसेंबर उजाडला. राजूंच्या कुटुंबाशी संबंधित मेटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा निर्णय संचालक मंडळाने जाहीर केला आणि गुंतवणूकदारांच्या संतापामुळे तो काही तासांतच मागे घेतला. त्या दिवसापासून प्रश्न विचारणे सुरक्षित झाले. प्रश्न तेच होते, पण आता ते मोठ्या परदेशी फंडांच्या तोंडून आले होते.

कबुलीनंतरच्या बातम्या तर धागाकर्त्याने मुद्दाम काढून वाचाव्यात. पाने भरली हे खरे, पण कशाने भरली? एकटा माणूस लोभापायी बिघडला, ‘ब्रँड इंडिया’ला धक्का बसला, आणि सरकारने नेमलेल्या नव्या संचालकांनी कंपनी वाचवली. प्रवर्तकाने गहाण टाकलेल्या शेअर्सची, स्वतंत्र संचालकांच्या मानधनाची किंवा लेखापरीक्षकाला नेमण्याच्या पद्धतीची चर्चा झाली ती आतल्या पानांवर. मूळ मांडणीतली पाचवी चाळणी साम्यवादाच्या भीतीची होती. पुढे तिच्या जागी बाजारावरच्या श्रद्धेला धरले गेले आणि सत्यमला तेच रूप लागू पडते. व्यक्ती दोषी ठरली, व्यवस्था निर्दोष सुटली.

जालन्याच्या काकू

मला त्या सत्यमचे काही ठाऊक नाही, पण जाहिरातीचे म्हणाल तर आमचा अनुभव ऐका. आमच्या निवृत्तीच्या पैशांची ठेव एका मल्टिस्टेट पतसंस्थेत अडकली आहे. शाखा उघडली त्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात पानभर जाहिरात होती आणि शेजारच्या पानावर अध्यक्षांची मुलाखत. आता कुलूप लागले आहे, तर त्याच वृत्तपत्रात ‘ठेवीदारांनी घाबरून जाऊ नये’ एवढेच छापून आले. आमचे पैसे परत मिळण्यासाठी कुणाकडे जावे?

निवृत्त उपसंपादक, लातूर

काकू, मूळ पावत्यांच्या प्रती काढून ठेवा आणि जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्या. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा आहे, त्याखाली मालमत्ता जप्त करता येते. या ठेवींना बँकेसारखे विमासंरक्षण नसते, त्यामुळे वेळ लागेल.

तुमचे उदाहरण मात्र या धाग्यात चपखल बसते. मी नोकरीत असताना तालुक्याचा वार्ताहर आणि जाहिरात आणणारा हा बहुधा एकच माणूस असे. त्याला पगार नावापुरता मिळे आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी आणलेल्या जाहिरातींवर कमिशन. पतसंस्थेचा अध्यक्ष हा त्याचा सर्वांत मोठा ग्राहक. त्याच्याविरुद्धची बातमी संपादकापर्यंत पोहोचायची नाही, कारण ती लिहिलीच जायची नाही. सत्यमच्या बाबतीत सैल असलेली जाहिरातीची चाळणी तालुक्याला सर्वांत घट्ट असते.

बीडकर

म्हणजे मी म्हणत होतो तेच आले. शेवटी पैसाच.

सनदी लेखापाल, नांदेड

नाही बीडकर, उलट आहे. पतसंस्थेच्या बातमीला जाहिरात अडवते आणि सत्यमच्या बातमीला स्रोत अडवतात, असे असेल तर प्रत्येक प्रकरणात वेगळी चाळणी प्रभावी ठरते. मग कोणती प्रभावी ठरेल हे आधीच सांगता आले पाहिजे, घडून गेल्यावर नव्हे. उपसंपादकसाहेबांचा जागतिक बँकेचा मुद्दा मला पटला. ‘ब्रँड इंडिया’चा पटला नाही. तेव्हा सत्यममध्ये सुमारे ५३ हजार कर्मचारी होते, आमच्या नांदेडच्या मुलांचे आईवडीलही रोज कंपनी टिकेल का एवढेच विचारत होते. वाचकाला जे हवे होते ते छापले, याला चाळणी म्हणायचे का?

धागाकर्ता, अंबाजोगाई

मग मी असे करतो. ऑक्टोबर ते डिसेंबर २००८ चे अंक विद्यापीठाच्या ग्रंथालयातून काढतो आणि सत्यमवरच्या प्रत्येक बातमीत कोणाला उद्धृत केले आहे ते नोंदवतो : कंपनी, विश्लेषक, सरकार, कर्मचारी की लहान भागधारक. १६ डिसेंबरच्या आधी आणि नंतर हे प्रमाण बदलले नसेल, तर स्रोतांच्या चाळणीचा दावा कोसळला असे मानायला उपसंपादक काका तयार आहेत का?

निवृत्त उपसंपादक, लातूर

तयार आहे, पण एका अटीवर. मराठी आणि इंग्रजी अंक वेगळे मोजा. मराठी वृत्तपत्रांत उद्योगाची बातमी बहुतेकदा वृत्तसंस्थेच्या तारेवरून भाषांतरित होऊन येई, तेव्हा तेथे तुम्ही आमची नव्हे, वृत्तसंस्थेची चाळणी मोजत असाल.