'९२ टक्के सहमती' लिहिलं की कोडिंग चोख?

निवांत_परीक्षक: परीक्षणाला आलेल्या मुलाखतींच्या पेपरात लिहिलंय, 'एनव्हिवो हे सॉफ्टवेअर वापरलं, दोन कोडरांत ९२ टक्के सहमती आली.' मला पुरेसं वाटतं. उगाच खुसपटं का काढायची?

आकडेमोड: खुसपटं नाहीत, हिशेब आहे. मुलाखतींचे १०० तुकडे घ्या, कोड, म्हणजे आशयानुसार तुकड्याला लावायची खूण, 'भीती'. दोघांनीही लावला २ तुकड्यांना. फक्त पहिल्याने ४ ना, फक्त दुसऱ्याने वेगळ्याच ४ ना. उरलेल्या ९० ना कुणीच नाही. झाली ९२ टक्के सहमती! पण 'भीती' जिथे कुणाला तरी दिसली त्या १० जागांपैकी ८ ठिकाणी दोघांचं पटलेलंच नाही. कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वगळून सहमती मोजणारा आकडा, काढलात तर जेमतेम ०.२९ येतो. कोड विरळ असला की टक्केवारी आपोआप फुगते. म्हणून प्रत्येक कोडचा कप्पा वेगळा मागा.

तिसरं_वर्ष: एनव्हिवोचं नावही काढू नका. आमच्या गाइडच्या हट्टापायी सगळं त्यात घातलं, आणि मी पूर्ण परिच्छेद निवडायचे तर जोडीदारीण एकच वाक्य. कोड तोच, अर्थ तोच, तरी कप्पा तळाला!

आकडेमोड: कारण ते अक्षरं मोजतं, अर्थ नाही. तुकडे आधी ठरवून दोघींना तेच द्यायला हवे होते.

तिसरं_वर्ष: हे ज्ञान तेव्हा कुठे होतं? परीक्षकाने 'विश्वासार्हता कमी' म्हणून पेपर परत धाडला.

निवांत_परीक्षक: म्हणजे सॉफ्टवेअरच बोगस?

वहीवाली: सॉफ्टवेअर हे कपाट आहे हो, कोड माणूसच लावतो. मुळात कप्प्याचा हा सोस कशाला? ब्राउन आणि क्लार्क यांच्या रिफ्लेक्झिव्ह, म्हणजे संशोधकाची स्वतःची नजर विश्लेषणाचाच भाग मानणाऱ्या, पद्धतीत दोघांचं जुळणं हे ध्येयच नसतं. दुसरा वाचक हवा तो वेगळं काही दिसतंय का, हे सांगायला. तुमचा ०.८ चा कप्पा म्हणजे कधीकधी दोघांनी मिळून केलेला उथळपणा.

आकडेमोड: छान पळवाट! मग काहीही लिहा आणि 'रिफ्लेक्झिव्ह' म्हणा.

वहीवाली: पळवाट तुमची आहे, आकड्यामागे दडायची. मतभेद झाले तेव्हा कोडची व्याख्या कशी बदलली, आणि आधी कोड केलेल्या मुलाखती नव्या व्याख्येने पुन्हा तपासल्या का, ते विचारा. मी परीक्षण करताना कोडबुकची, म्हणजे कोडांच्या व्याख्यांच्या यादीची, पहिली आणि शेवटची आवृत्ती मागते. दोन्ही अगदी सारख्या निघाल्या की समजायचं, कोड आधीच ठरले होते, मुलाखती नंतर चिकटवल्या.

आकडेमोड: व्याख्या आधीच ठरवून केलेल्या विश्लेषणात सारख्याच निघणार! पद्धत न बघता संशय घेऊ नका. पण जुन्या मुलाखती पुन्हा तपासल्या का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. घ्या, एक गुण तुम्हाला.

वहीवाली: उपकार झाले. आणि हा पेपर स्वतःला रिफ्लेक्झिव्ह म्हणवून ९२ टक्के मिरवत असेल, तर त्याला माझाही विरोध आहे.

निवांत_परीक्षक: तसंच म्हणवतोय खरा. शिवाय सहमती किती मुलाखतींवर काढली, तेही लिहिलेलं नाही. आता शेरा लिहायला बसतो, तुमच्यामुळे रविवार गेला.

तिसरं_वर्ष: लिहा, पण नुसतं 'विश्वासार्हता कमी' लिहून परत धाडू नका.