दादरची अंताक्षरी: ‘ल’चं काय करायचं?

मृणाल: नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या सुट्टीत मुंबईत असणारे आपण सगळे दादरच्या हॉलवर भेटतोय, आणि अंताक्षरी माझ्याकडे आहे. गेल्या वेळी तिसऱ्या गटावर नऊ फेऱ्यांत पाचदा ‘ल’ आला आणि ते तळाला गेले. मला अजून वाईट वाटतं. गुण कसे ठेवू?

नितीन: अवघड अक्षरंच काढून टाका. ळ, ण, ढ, थ यांनी मराठीत गाणी सुरूच होत नाहीत.

सुलभाताई: नितीन, ळ आणि ण बाबत बरोबर आहे तुझं. त्या अक्षरांनी शब्दच सुरू होत नाहीत, म्हणून ळ आला की ल आणि ण आला की न धरायचा. पण ‘ढगाला लागली कळ’ लहान पोरंसुद्धा म्हणतात, आणि थ नेही गाणी सुरू होतात.

मृणाल, खरं दुखणं ‘ल’चंच आहे. आपल्या कितीतरी ओळी आला, गेली, झाले अशा क्रियापदांवर संपतात, म्हणून ल सारखा येतो. म्हटलेलं गाणं पुन्हा चालत नाही. ‘लिंबोणीच्या झाडामागे’ आणि ‘लाजून हासणे’ पहिल्या दोन खेपांतच संपली, की पुढच्या ‘ल’ला माणूस अडतो. त्यात दुसरा गट मुखडा सोडून हवी ती ओळ गाऊन ‘ल’वर थांबत होता. तिसऱ्या गटाचा दोष एवढाच, की ते त्यांच्या शेजारी बसले होते.

म्हणून साखळीची एकच फेरी ठेव, आणि तीत मुखड्याचा शेवटचा शब्दच धर. दुसरी फेरी चिठ्ठ्यांची. एका डब्यात क, ग, ज, त, द, प, म, स, ह. दुसऱ्यात ब, र, ल, व, श. तिसऱ्यात घ, छ, झ, ठ, ढ, थ. प्रत्येक गट पहिल्यातून दोन, बाकीच्यांतून एकेक चिठ्ठी उचलेल. चार गटांची सोळा गाणी होतात. पहिल्या दोन डब्यांना पंधरा सेकंद, तिसऱ्याला तीस. गाण्याला दहा गुण. अडलं तर पुढच्या गटाला पाच, पण अडलेल्याचे गुण कापू नकोस. कापले की लोक चुकायच्या भीतीने तोंडच उघडत नाहीत.

अरुणकाका: गुडघ्यांमुळे मला स्टेज चढवत नाही. आमचा गट खालीच बसवाल का? आणि स्पीकर दहाला बंद करावा लागतो, तेव्हा साडेसातला सुरू करा.

मृणाल: काका, सगळेच गट खाली, गोल करून बसवते. सुलभाताई, चिठ्ठ्या आजच लिहायला घेते. ‘श्रावणात घन निळा बरसला’ श मध्ये ना? आणि ‘ज्ञानियांचा राजा’?

सुलभाताई: श्र म्हणजे श, त्यात वाद नाही. ज्ञ आपण द्न्य म्हणतो, म्हणून मी द धरते.

नितीन: लिहिताना ज आणि ञ आहे, ताई. ज धरा.

मृणाल: मग ज्ञ दोन्हीकडे चालू देते, पण एकदाच. हिंदी गाण्यांचं अजून ठरायचंय. रविवारपर्यंत सगळ्यांनी मत कळवा.