12 आठवड्यांत 20 किलो: केस, कातडी आणि पित्ताशयातले खडे

घाईचा_गडी: वजन 104 किलो. 12 आठवड्यांत 20 किलो उतरवायचं ठरवलंय. दिवसाला 800 कॅलरी, तेल-तूप पूर्ण बंद. केस गळतात, कातडी लोंबते, खडे होतात असं जो तो सांगतो. यातलं खरं किती आणि नुसती भीती किती?

सोनोग्राफीवाला: सगळ्यात आधी खड्यांचं बघा. तुमचा हिशेब आठवड्याला 1.6 किलोच्या पुढे जातो. दीड किलोच्या वर वेग गेला की खड्यांचा धोका झपाट्याने वाढतो. चरबी वितळताना तिच्यातलं कोलेस्टेरॉल यकृतामार्फत पित्तात उतरतं आणि पित्त दाट होतं. हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं तुम्ही तेल बंद करून स्वतः ओढवून घेताय. जेवणात स्निग्धांश आला तरच पित्ताशयाला आकुंचन पावायचा निरोप मिळतो. तो आलाच नाही तर दाट पित्त तिथेच साचून राहतं. आधी गाळ बसतो, मग खडा. दिवसातल्या एका जेवणात तरी 10 ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश एकदम हवा, म्हणजे चहाचे दोन चमचे तेल. दिवसभर थेंब थेंब वाटून घेतलं तर पित्ताशय नीट रिकामं होत नाही.

पाणीदार: एवढं कशाला? दिवसाला 4 लिटर पाणी प्या, खडे होणारच नाहीत. मला मुतखडा झाला होता, पाण्यानेच गेला.

सोनोग्राफीवाला: तुमचा खडा मूत्रपिंडातला होता, लघवीतून वाहून गेला. पित्ताशयात पाणी पोचतच नाही.

सावकाश: म्हणूनच आठवड्याला अर्धा किलो हा एकच मार्ग. हळू गेलात तर केसही गळत नाहीत आणि कातडीही आपोआप आवळून येते.

त्वचेचा_तज्ज्ञ: केसांचं बरंचसं पटतं, कातडीचं नाही. किती किलो गेले, जाडी किती वर्षं होती, वय काय आणि सिगारेट ओढता का, यावर कातडीचं लोंबणं ठरतं. वर्षानुवर्षं ताणलेले लवचीक धागे एकदा तुटले की वजन सावकाश उतरवूनही ते जुळत नाहीत. वेगाचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. घट्ट करणाऱ्या क्रीमवर मात्र पैसे घालवू नका. वजन उतरवताना स्नायू टिकवले तर दंड-मांड्या कमी ओघळलेल्या दिसतात, पण ती कातडी आवळलेली नसते, आतली जागा भरलेली असते. शस्त्रक्रियेचा विचार वजन किमान सहा महिने स्थिर राहिल्यावरच.

केसांची गंमत अशी की ते लगेच गळत नाहीत. उपासमारीचा धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी सुटतात. म्हणजे तुमचे 12 आठवडे संपत आले की कंगवा भरायला लागेल आणि दोष नव्या शाम्पूवर जाईल. गळलेला केस उजेडात धरून बघा. टोकाला टाचणीच्या डोक्याहून बारीक पांढरी गाठ दिसली आणि केस डोकंभर सारखेच विरळ होत असतील, तर बहुधा हाच प्रकार. मूळ शाबूत असतं, केस परत येतात, फक्त दाटपणा यायला सहा महिने ते वर्ष जातं. ठिकठिकाणी चट्टे पडले तर ते वेगळं दुखणं, दाखवून घ्या.

सावकाश: मग बायोटिन सुरू करावं ना?

त्वचेचा_तज्ज्ञ: कमतरता नसेल तर उपयोग नाही, उलट मोठ्या डोसमुळे थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. प्रथिनं आणि लोह बघा. 800 कॅलरीत प्रथिनं आधी कमी पडतात.

वेगाचा_वकील: तुम्ही सगळे वेगालाच आरोपी करताय. ज्याला मधुमेह आहे किंवा शस्त्रक्रियेआधी वजन उतरवायचंय, त्याला 800 कॅलरीचा आहार डॉक्टरच देतात. खड्यांवरही उपाय आहे. वजन उतरवण्यासाठी केलेल्या जठराच्या बायपासनंतर सहा महिने रोज 600 मिलिग्रॅम अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड दिलं तर खडे होण्याचं प्रमाण खूपच खाली येतं.

सोनोग्राफीवाला: मान्य, पण तिथे कुणीतरी लक्ष ठेवून असतं. इथे माणूस घरी एकट्याने, तेही तेल बंद करून बसणार. आणि ती गोळी मनाने घ्यायची नाही. घाईचा_गडी, जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वर मध्यभागी कळ चढली, अर्धा तास ते काही तास तशीच राहिली, ढेकर देऊन किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळीने हटली नाही, उजव्या खांद्याकडे गेली, तर सोनोग्राफी करा. पाच तासांच्या वर दुखलं, ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

घाईचा_गडी: आणि काहीच दुखलं नाही, पण खडा सापडला तर?

सोनोग्राफीवाला: त्रास नसलेल्या खड्याला बहुतेक वेळा हात लावत नाहीत. काही खडे वजन स्थिरावल्यावर विरघळतातही.

घाईचा_गडी: ठीक, तेल परत सुरू करतो. 12 आठवडे मात्र सोडत नाही.

सावकाश: 20 आठवडे घेतले तर आठवड्याला बरोबर एक किलो. आठ आठवड्यांनी काय बिघडतंय?

वेगाचा_वकील: 20 आठवडे तग धरणारे किती जण पाहिलेत?