शब्दचर्चा : ‘म्हणे’, ‘असावेत’ आणि लेखकाची भूमिका

कोपरीकर : स्पर्धा परीक्षेच्या सराव पेपरात हा उतारा होता:

‘तलावाचे पाणी पूर्वी पिण्यासारखे होते म्हणे. काठाला भिंत बांधल्यावर झरे आटले असावेत. सुशोभीकरणाने तलाव वाचला, असे आता सांगितले जाते. काठ देखणा झाला, हे खरेच. पाण्याचे काय झाले, ते मात्र माशांना विचारावे लागेल.’

प्रश्न : सुशोभीकरणाबद्दल लेखकाची भूमिका कोणती? पर्याय : (अ) पूर्ण विरोध, (ब) समर्थन, (क) काही अंशी मान्यता, पण परिणामाबद्दल शंका, (ड) तटस्थ. मी (अ) लिहिलं, उत्तरपत्रिकेत (क) आहे. शेवटचं वाक्य एवढं बोचरं असताना (क) कसं?

ऐरोलीकर : सोपं आहे. ‘म्हणे’ आलं की लेखकाचा विश्वास नाही, असं धरायचं. पण मग तर तुझं (अ) बरोबर ठरतं! उत्तरपत्रिकाच चुकली असेल.

नौपाड्याचे मास्तर : ‘म्हणे’चं तुम्ही अर्धंच सांगितलंत. ‘आज पाणी येणार नाही म्हणे’ असं शेजारीण सांगते, तेव्हा ती अविश्वास दाखवत नाही. बातमी ऐकीव आहे, जबाबदारी माझी नाही, एवढंच तिचं म्हणणं. ‘मोठा शहाणा म्हणे!’ यात टोमणा आहे, पण तो ‘मोठा शहाणा’मुळे आणि सुरामुळे. म्हणून ‘म्हणे’ दिसलं की आधी विचारायचं, हे मत कोणाचं? इथे ते जुन्या लोकांचं आहे, आणि तेही पूर्वीच्या पाण्याबद्दल. सुशोभीकरणाशी त्याचा संबंधच नाही.

आता तिसरं वाक्य. ‘तलाव वाचला’ हा दावा लेखक ‘सांगितले जाते’ म्हणून दुसऱ्यांच्या पदरात घालतो. इथे अंतर आहे, पण एवढ्यावरून विरोध ठरत नाही. ठरवतं ते पुढचं वाक्य. ‘हे खरेच’ म्हणून लेखक एक गोष्ट स्वतः कबूल करतो, मग ‘मात्र’ म्हणून वळतो. जो पूर्ण विरोधात आहे तो काठाचं देखणेपण कबूल का करेल? म्हणून (अ) बाद. वळणानंतर टोचणी आहे, म्हणून (ब) आणि (ड)ही बाद.

कोपरीकर : म्हणजे मी ‘खरेच’ वाचलंच नाही, ‘माशांना’वरच अडकलो. पण सर, दुसरा प्रश्न होता, ‘भिंतीमुळे झरे आटले, हे लेखकाचे ठाम मत आहे.’ मी बरोबर अशी खूण केली. तेही चूक!

मास्तर : ‘असावेत’ आहे ना. ‘आटले’ असतं तर ठाम. ‘आटले असावेत’ म्हणजे लेखकाने काहीतरी पाहून अंदाज बांधला आहे. ‘म्हणे’पेक्षा हे वेगळं, कारण अंदाज त्याचा स्वतःचा आहे. मत आहे, फक्त ठाम नाही.

पण ‘असावे’ फसवं आहे. ‘पाणी स्वच्छ असावे’ हे घरच्या माठाबद्दल अंदाजही असू शकतं आणि अपेक्षाही. मागे ‘आटले’, ‘गेले’ अशी झालेली क्रिया असेल तर अंदाजच. विशेषण असेल तर आजूबाजूची वाक्यं बघायची.

ऐरोलीकर : मग ‘आटले असतील’ आणि ‘आटले असावेत’ एकच का?

मास्तर : माझ्या कानाला ‘असावेत’ जास्त खात्रीचं वाटतं. ‘असतील बापडे’ म्हणतो, ‘असावेत बापडे’ कोणी म्हणत नाही.

दिघ्याची वाचक : आमच्याकडे दोन्ही सारखंच बोलतात. असा भेद छापील मराठीत असेल, परीक्षेत त्यावर गुण कापू नयेत.

नेरूळची आई : माझ्या मुलाची आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आहे. त्याचं स्पेलिंग कच्चं आहे, त्याचं काय करावं?

ऐरोलीकर : ताई, इथे स्पेलिंगचा विषय नाही हो.

नेरूळची आई : बरं, मग रीडिंगचंच विचारते. ‘येस, नो, नॉट गिव्हन’मध्ये तो नेहमी चुकतो. उताऱ्यात ‘काही संशोधकांच्या मते’ असतं, विधान ‘लेखकाच्या मते’ असतं, आणि हा ‘येस’ लिहितो.

मास्तर : ही तर आपल्या ‘सांगितले जाते’चीच भावंडं. त्या प्रकारात लेखकाचं मत विचारलेलं असतं. संशोधकांचं मत देऊन लेखक स्वतः गप्प राहिला, तर ‘नॉट गिव्हन’. पुढे ‘पण हे पटत नाही’ अशा अर्थाचं काही आलं, तर ‘नो’. त्याला संशोधकांच्या वाक्यावर न थांबता पुढची दोन वाक्यं वाचायला सांगा.

कोपरीकर : सर, एक राहिलं. ‘हे खरेच’ हाही टोमणाच असू शकत नाही का? ‘वा, काठ देखणा झाला, खरंच!’ असा?

मास्तर : बोलताना असू शकतो. छापील वाक्यात सूर ऐकू येत नाही. ‘काठ तेवढा देखणा झाला’ असं असतं, तर मी तुमच्या बाजूने आलो असतो.

दिघ्याची वाचक : मी अजूनही (अ)कडेच झुकते. माशांना विचारायला लावणारा माणूस अर्धवट राजी नसतो.